स्थानिक वेळ नोंदवावी की यूटीसी? न्यूयॉर्कच्या दोन रात्री

पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकासाठी डेटाबेस आखताना वेळेचा रकाना कसा ठेवायचा, हे आधीच ठरवावं लागतं. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे इथल्या चाचणीत ही चूक दिसतच नाही.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ संपली आणि दोन वाजताच घड्याळ पुन्हा एकवर आलं. म्हणजे दीड दोनदा वाजला. समजा एक काम 1:50 ला सुरू झालं आणि पंधरा मिनिटांनी संपलं. नुसती स्थानिक वेळ ठेवली, तर शेवटाची नोंद 1:05 अशी पडते. काम उणे 45 मिनिटं चाललं असं दिसतं, आणि क्रम लावला तर शेवट सुरुवातीच्या आधी येतो. नोंदीत यूटीसीपासूनच्या फरकासह वेळ असेल, तर गोंधळ उरत नाही:

```
2025-11-02T01:50:00-04:00  = 05:50 UTC
2025-11-02T01:05:00-05:00  = 06:05 UTC
```

मार्चमधली चूक लपून राहते. 9 मार्च 2025 ला दोननंतर थेट तीन वाजले. 1:50 ला सुरू होऊन 3:05 ला संपलेलं काम पंधरा मिनिटांचंच होतं, पण साधी वजाबाकी 75 मिनिटं सांगते. हा आकडा खरा वाटतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. नोव्हेंबरमधली उणे संख्या निदान लगेच खटकते तरी.

मार्चमधल्या त्या रात्री 2:30 ही वेळ नव्हतीच. तरीही पोस्टग्रेसमध्ये सत्राचा टाइमझोन `America/New_York` ठेवून ती `timestamptz` रकान्यात घातली, तर त्रुटी न देता ती 3:30 होते. नोव्हेंबरचा संदिग्ध दीड मात्र पोस्टग्रेस प्रमाण वेळेतला, म्हणजे दुसरा, धरतो. पहिला हवा असेल तर `-04` स्वतः लिहावं लागतं.

घडून गेलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे लॉग, व्यवहार, हजेरी यांसाठी, माझं मत निःसंशय यूटीसीच्या बाजूने आहे. पुढच्या भेटींसाठी मात्र ते पुरेसं नाही. मेक्सिकोने ऑक्टोबर 2022 मध्ये देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ बंद केली. 2023 च्या जुलैमधली मेक्सिको सिटीतली सकाळी नऊची भेट कोणी आधीच 14:00 यूटीसी म्हणून साठवली असेल, तर नव्या नियमाने ती आठला दिसली असती. म्हणून भेटीसाठी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आणि `America/Mexico_City` हे टाइमझोनचं नाव अशा दोन गोष्टी ठेवाव्यात, आणि यूटीसी त्यांवरून काढावं. नाव वेगळ्या रकान्यात लागतं, कारण `timestamptz` ते जपत नाही. नुसतं `-06:00` लिहूनही भागत नाही. तो त्या क्षणाचा फरक आहे, नियम नव्हे.

रोज रात्री अडीचला चालणारं काम असेल, तर ते यूटीसीवर लावा किंवा चारला न्या.