वास्तुशांतीसाठी गुरुजींना पाठवायचा मेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या फ्लॅटची वास्तुशांत ठरवताना गुरुजींना फोनवर सगळं सांगण्याऐवजी मी एक सविस्तर मेल लिहिला. तोच मेल पुढे बहिणीच्या घरासाठी थोडा बदलून वापरला, मग दोन मित्रांनी मागून घेतला. एवढ्या वापरात त्यातला कुठला भाग खरोखर कामाचा आहे आणि कुठला नुसता लांबी वाढवतो, हे चांगलं कळलं आहे. म्हणून इथे तपशिलात लिहितो.

सगळ्यांत उपयोगी ठरला तो तारखांचा परिच्छेद. फोनवर आपण सहसा "पुढच्या महिन्यात एखादा रविवार बघा ना" एवढंच म्हणतो. गुरुजी पंचांग उघडतात, एक तारीख सांगतात, ती आपल्याला जमत नाही, आणि मग आठवडाभर हेच चालतं. मेलमध्ये मी असं लिहिलं होतं:

"सा. न. वि. वि. नव्या घराची वास्तुशांत ग्रहमखासह करण्याचा विचार आहे. आम्हाला शुक्ल पंचमीचा गुरुवार, सप्तमीचा शनिवार आणि अष्टमीचा रविवार असे तीन दिवस जमू शकतात. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत कार्य आटोपावे लागेल. शनिवारी वेळेचे बंधन नाही. पाहुण्यांच्या दृष्टीने रविवार सोयीचा, पण तसा आग्रह नाही. तिन्हींत मुहूर्त नसल्यास पुढच्या महिन्यातही चालेल. त्यापुढे मात्र राहत्या घराचा करार संपतो."

यात तीन गोष्टी आहेत: कोणते दिवस जमतात, प्रत्येक दिवसाला काय मर्यादा आहे आणि शेवटची हद्द कोणती. गुरुजींनी त्याच संध्याकाळी शनिवार पक्का केला आणि कारणही लिहिलं. गृहप्रवेशाला रविवार आणि मंगळवार मुहूर्तशास्त्रात वर्ज्य मानलेले आहेत, आणि होम असल्यामुळे त्यांनी अग्निवास, म्हणजे त्या दिवशी अग्नी पृथ्वीवर आहे का, हेही पाहिलं होतं. त्याचं गणित सोपं आहे. शुक्ल प्रतिपदेपासून मोजलेली तिथी आणि रविवारपासून मोजलेला वार यांच्या बेरजेत 1 मिळवायचा आणि 4 ने भागायचं. बाकी 3 किंवा 0 आली तर अग्नी पृथ्वीवर, 1 आली तर स्वर्गात, 2 आली तर पाताळात. पंचमीचा गुरुवार म्हणजे 5 + 5 + 1 = 11, बाकी 3. सप्तमीचा शनिवार 7 + 7 + 1 = 15, बाकी 3. दोन्ही चालणारे. अष्टमीचा रविवार 8 + 1 + 1 = 10, बाकी 2, म्हणून तो बाद. आम्ही फक्त रविवारच मागितला असता, तर गुरुजींना एक तर नाही म्हणावं लागलं असतं, नाही तर मन मारून हो म्हणावं लागलं असतं. सगळेच गुरुजी अग्निवास इतक्या काटेकोरपणे पाहत नाहीत. पण जे पाहतात त्यांना निवड करायला जागा मिळायला हवी, आणि ती जागा मेलमधूनच मिळते.

याच परिच्छेदात एक वाक्य बहिणीच्या वेळी घातलं आणि आता ते मी कधीच गाळणार नाही: "सोयर-सुतक किंवा घरातली अन्य अडचण आल्यास दुसरी तारीख कोणती धरावी, हेही कळवावे." हा विषय फोनवर काढायला लोक कचरतात. लिहून मात्र सहज विचारता येतो आणि उत्तरही तितकंच सरळ येतं. तिच्या गुरुजींनी दुसरी तारीख तर दिलीच, शिवाय नांदीश्राद्ध झाल्यानंतर अशौच आलं तरी सुरू झालेलं कार्य पूर्ण करता येतं, हेही समजावून लिहिलं. घरात खूप वयस्कर माणसं आजारी असताना अशा उत्तराचा केवढा आधार वाटतो, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे घराची माहिती. पत्ता आणि मजला तर द्यायचाच. पण वास्तुनिक्षेप कुठे करायचा, हा प्रश्न आधी विचारणं फार गरजेचं आहे. वास्तुपुरुषाची प्रतिमा पेटीत ठेवून घराच्या आग्नेय भागात पुरतात. जमिनीवरच्या घरात खड्डा खणता येतो. वरच्या मजल्यावर फरशीखाली मॉर्टरचा पातळ थर असतो आणि त्याखाली लगेच स्लॅब. स्लॅबला हात लावायचा नाही, कारण आत सळया असतात. आणि आग्नेयेला न्हाणीघर आलं असेल तर वॉटरप्रूफिंगही फुटतं. म्हणून मेल फरशीचं काम संपायच्या आधी गेला पाहिजे. आमच्याकडे गुरुजींनी पेटीची लांबी, रुंदी आणि उंची कळवली. गवंड्याने स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात तेवढी जागा सोडून एक फरशी नुसती टेकवून ठेवली. कार्य झाल्यावर तीच फरशी पक्की बसवली. मित्राकडे मेल उशिरा गेला, सगळी फरशी बसून झाली होती. तिथे ओट्याखालच्या भिंतीत छोटा कोनाडा करून तो बंद करायचा, असा मार्ग त्याच्या गुरुजींनी काढला. तेही चालतं, पण नव्या टाइल्स कापाव्या लागल्या.

होमाबद्दलही दोन ओळी हव्यात: खोली केवढी, खिडक्या कुठे, छताला धुराचं सेन्सर आहे का. काही नव्या इमारतींत हे सेन्सर असतात आणि ते परस्पर काढून ठेवू नयेत. सोसायटीच्या कार्यालयाला आधी कळवून तेवढ्या वेळापुरती व्यवस्था करून घ्यावी. कुंडाखाली विटा आणि वाळूचा जाड थर लागतो, नाही तर फरशी तडकते. वाळू कोण आणणार, हे ठरलेलं नसलं की सकाळी आठ वाजता धावपळ होते.

साहित्याच्या बाबतीत माझं मत सुरुवातीपेक्षा बरंच बदललं आहे. पहिल्या मेलमध्ये मी नेटवरून मिळालेली लांबलचक यादी जोडली होती. गुरुजींनी ती बाजूला ठेवून स्वतःची पाठवली, आणि ते योग्यच होतं. ऋग्वेदी आणि यजुर्वेदी पद्धतींत फरक असतो, शिवाय प्रत्येकाचा प्रयोग थोडा वेगळा. त्यामुळे आता मेलमध्ये यादी नसते. त्याऐवजी आमची शाखा, गोत्र, कुलदैवत, यजमान दांपत्याची नावं आणि एक सरळ प्रश्न असतो: "आपण काय आणाल आणि आम्ही काय तयार ठेवावे?" बहुतेक वेळा वास्तुप्रतिमा, होमकुंड, नवग्रहांच्या समिधा, दर्भ, हवनाचं साहित्य गुरुजी आणतात. समिधांचं त्यांच्यावर सोपवणंच बरं. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. हे सगळं शहरात ऐन वेळी गोळा करणं कठीण, आणि बाजारातल्या जुडीत काय आहे ते आपल्याला ओळखता येत नाही. आपल्याकडे तांदूळ, गहू, नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, तूप, पंचामृत, फुलं, पाट, चौरंग, कलश, ताम्हन, समई एवढं राहतं. प्रमाण मात्र विचारून घ्यावं. तूप आणि तांदूळ अंदाजापेक्षा जास्त लागतात, कारण मंडलं तांदळावर मांडली जातात आणि आहुत्या तुपाच्या असतात.

वेळेच्या परिच्छेदात मी तीन गोष्टी विचारतो: प्रवेशाचा मुहूर्त किती वाजताचा, गुरुजी किती वाजता पोचणार आणि पूर्णाहुती साधारण केव्हा. आमच्याकडे कलश घेऊन प्रवेश सकाळी सातच्या आत होता, त्यामुळे गुरुजी आणि आम्ही पहाटेच पोचलो. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध यात दोन तास गेले. मग मंडलस्थापना, होम, बलिदान होऊन पूर्णाहुतीला साडेबारा वाजले. गुरुजी तिघे होते. एकटे गुरुजी असतील तर आणखी तासभर धरावा. जेवणाचं निमंत्रण त्यामुळे एकच्या पुढचंच द्यावं. यजमानांपैकी कुणाला गुडघेदुखी किंवा मधुमेह असेल, तर तेही इथेच लिहावं. बहिणीचे यजमान मधुमेही आहेत. गुरुजींनी त्यांना मध्ये दूध-फळं घ्यायला सांगितली आणि पाटाऐवजी उंच आसन चालेल असं आधीच कळवलं.

आता दक्षिणा. लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. "तुमचा रेट काय" असं विचारणं वाईट दिसतं, आणि "जे असेल ते द्या" असं उत्तर आलं की दोन्हीकडे अवघडलेपण राहतं. माझं वाक्य असं आहे: "आचार्य आणि सोबतचे गुरुजी यांची दक्षिणा, साहित्याचा खर्च, येण्या-जाण्याचा खर्च आणि दानांसाठी तयार ठेवायची रक्कम वेगवेगळी कळवावी, म्हणजे आम्हाला नीट तयारी करता येईल." प्रत्येकच गुरुजींनी याला मोकळेपणाने उत्तर दिलं. आकडे वेगळे काढल्याने गैरसमज टळतात. "साहित्यासह" या शब्दात एका गुरुजींच्या हिशोबात फुलं-फळं येतात, दुसऱ्यांच्या येत नाहीत. दानांचं म्हणाल तर गोप्रदान वगैरे बहुधा द्रव्यरूपानेच होतं, आणि ते मुख्य दक्षिणेत धरलेलं नसतं. पूजेत जागोजागी ठेवायला एक रुपयाची नाणी पुष्कळ लागतात, ती बँकेतून आधी आणावीत. गुरुजी जेवायला थांबणार की शिधा नेणार, हेही विचारावं. पुष्कळ गुरुजी बाहेरचं जेवत नाहीत आणि हे स्वतःहून सांगायला त्यांना संकोच वाटतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. बरेच ज्येष्ठ गुरुजी मेल पाहत नाहीत. अशा वेळी मी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि संध्याकाळच्या संध्येची वेळ टाळून फोन करतो. मजकूर समोर असल्याने बोलणं दहा मिनिटांत संपतं. त्यानंतर ठरलेलं सगळं चार ओळींत लिहून परत पाठवतो. ही शेवटची पावती फार महत्त्वाची, कारण मुहूर्ताच्या दिवसांत गुरुजींकडे एकाच तारखेला दोन-तीन कार्यांची विचारणा असते.

भाड्याच्या घरासाठी नुसती उदकशांत करायची असेल, तर निक्षेपाचा आणि होमाचा भाग सरळ काढून टाका. तारखा, वेळ आणि दक्षिणेचे परिच्छेद तसेच ठेवा आणि किती ब्रह्मवृंद लागतील एवढं विचारा. मित्राने तसाच अर्ध्या लांबीचा मेल पाठवला आणि त्याचं काम एका उत्तरात झालं.