रोहित्राची वार्षिक वीजहानी: लोड फॅक्टरवरून काढावी की लोड सर्व्हेवरून?

वितरण रोहित्रात वर्षभरात किती युनिट वाया जातात हे ठरवण्याचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. पहिल्यात वर्षाचे युनिट आणि कमाल मागणी घेऊन लोड फॅक्टर काढतात, त्याच्यावरून एका ठरीव सूत्राने लॉस फॅक्टर मिळवतात आणि त्याला कमाल भाराच्या कॉपर लॉसने व ८,७६० तासांनी गुणतात. दुसऱ्यात रोहित्राच्या मीटरमधला अर्ध्या-अर्ध्या तासाचा लोड सर्व्हे उतरवून घेतात, प्रत्येक नोंदीच्या प्रवाहाचा वर्ग करतात आणि त्या वर्गांच्या सरासरीला कमाल प्रवाहाच्या वर्गाने भागून लॉस फॅक्टर थेट काढतात. सांगली-सातारा भागातील पाणीपुरवठा संस्थांची आणि गावठाणांची अशी कामे करताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. ज्यांना यांतली एक निवडायची आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

आपल्याकडे बहुधा वापरले जाणारे सूत्र असे:

लॉस फॅक्टर = ०.२ × लोड फॅक्टर + ०.८ × (लोड फॅक्टर)²

काही जण ०.२ आणि ०.८ ऐवजी ०.३ आणि ०.७ घेतात. हे आकडे अनुभवातून बसवलेले आहेत. निसर्गनियमाने एवढेच सांगता येते की लॉस फॅक्टर लोड फॅक्टरपेक्षा मोठा आणि त्याच्या वर्गापेक्षा लहान होऊ शकत नाही. या दोन टोकांमध्ये तो नेमका कुठे बसेल हे भाराच्या वक्राच्या आकारावर अवलंबून असते, आणि सूत्राने तो आकार आधीच गृहीत धरलेला असतो.

गावठाणाच्या रोहित्रावर हे गृहीतक चांगले टिकते. समजा, संध्याकाळचे चार तास भार कमाल पातळीवर आहे, सहा तास तो कमालीच्या ६० टक्के आहे आणि उरलेले चौदा तास ३५ टक्के आहे. येथे लोड फॅक्टर ०.५२ येतो. वर्ग करून थेट काढलेला लॉस फॅक्टर ०.३२८ येतो आणि सूत्राने ०.३२१. एवढ्याशा फरकासाठी खांबापाशी जाऊन मीटर उतरवून घेण्याचा खटाटोप करावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. फेजमध्ये भार फार असमान असेल तर तिन्ही फेजचे प्रवाह वेगळे पाहावेत, एवढीच पुस्ती जोडतो.

शेतीपंपाच्या रोहित्रावर मात्र चित्र पालटते. पलूस-तासगाव पट्ट्यातील एखाद्या स्वतंत्र शेती फिडरवरचे १०० केव्हीएचे जुने रोहित्र घेऊ. त्याचा नो-लोड लॉस २६० वॅट आणि पूर्ण भारावरचा कॉपर लॉस १,७६० वॅट आहे. (नव्या रोहित्रांसाठी आयएस ११८० मध्ये ५० आणि १०० टक्के भारावरील एकूण हानीच्या मर्यादा दिलेल्या आहेत, म्हणून हे दोन आकडे वेगळे हवे असतील तर चाचणी अहवाल मागवावा.) फिडरला रोज आठ तास वीज मिळते. वीज येताच ऑटो-स्टार्टर लावलेले सगळे पंप एकदम सुरू होतात, ८० केव्हीएचा भार चढतो आणि वीज जाईपर्यंत तसाच राहतो. पाऊसकाळ वगळता वर्षातले २४० दिवस असे चालते असे धरू. म्हणजे १,९२० तास कमाल भार आणि उरलेला सगळा वेळ शून्य.

अशा वक्रात भाराला दोनच पातळ्या आहेत, त्यामुळे लॉस फॅक्टर लोड फॅक्टरएवढाच, म्हणजे ०.२१९ असतो. सूत्र मात्र ०.०८२ देते. ८० टक्के भारावर कॉपर लॉस १,१२६ वॅट होतो, म्हणून वर्षाची कॉपरमधील खरी हानी सुमारे २,१६० युनिट आहे आणि सूत्राने ती सुमारे ८१० युनिट दिसते.

एवढी मोठी तफावत लगेच लक्षात यायला हवी, पण ती येत नाही, आणि माझा कल ज्या त्रासामुळे ठरला तो हाच आहे. सूत्राने हिशेब करणारे बहुतेक जण नो-लोड लॉस ८,७६० तासांचा धरतात, तो होतो सुमारे २,२८० युनिट. प्रत्यक्षात फिडर बंद असताना रोहित्राच्या गाभ्यालाही वीज मिळत नाही. रोज आठ तासांप्रमाणे २,९२० तासच धरले तर ही हानी सुमारे ७६० युनिटच भरते. आता बेरीज पाहा. सूत्राची एकूण हानी ३,०९० युनिट, खरी २,९२० युनिट. दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात आणि एकूण आकडा फिडरच्या ऊर्जा लेखापरीक्षणाशी बऱ्यापैकी जुळतो. तपासणाऱ्याचे समाधान होते, कागद पुढे सरकतो.

आतली वाटणी मात्र नेमकी उलटी झालेली असते. सूत्र सांगते की जवळपास तीन चतुर्थांश हानी गाभ्यात आहे. वस्तुस्थिती अशी की जवळपास तीन चतुर्थांश हानी कॉपरमध्ये आहे. एका पाणीपुरवठा संस्थेसाठी काम करताना कमी नो-लोड लॉसचे महागडे रोहित्र घ्यावे, असा प्रस्ताव याच हिशेबावर उभा केलेला मी पाहिला. लोड सर्व्हे काढल्यावर त्यातली बहुतांश बचत कागदावरच राहणारी आहे हे स्पष्ट झाले. त्याच रोहित्रावरच्या मोटारींना योग्य कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ पर्यंत नेला तर प्रवाह घटून कॉपर लॉस सुमारे ३८ टक्के कमी होतो. वरच्या उदाहरणात ही बचत वर्षाला आठशे युनिटांच्या पुढे जाते, तर सूत्राच्या हिशेबात ती जेमतेम तीनशे दिसते. एकूण हानी फक्त नोंदवायची असेल तर कदाचित कोणतीही पद्धत चालेल, पण त्या आकड्यावरून खर्चाचा निर्णय घ्यायचा असेल तर माझ्या मते वाटणी बरोबर असणे अधिक महत्त्वाचे आहे.

लोड सर्व्हेच्या अडचणी मी नाकारत नाही. अनेक रोहित्रांवरचे मीटर बंद असतात, कुठे सीटीचे गुणोत्तर चुकीचे भरलेले असते, आणि मीटरच्या स्मृतीत वर्षभराच्या नोंदी राहत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा आणि उसाच्या तोडणीच्या हंगामात एकदा नोंदी उतरवून घ्याव्या लागतात आणि त्यांना दिवसांच्या प्रमाणात वजन द्यावे लागते. नोंदी किलोवॅटच्या घेऊ नयेत, केव्हीएच्या किंवा अँपिअरच्या घ्याव्यात, कारण हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे होते आणि कपॅसिटर नसलेल्या पंपांवर किलोवॅटचा आकडा प्रवाह कमी भासवतो.

मीटरच नसेल तर सूत्र सोडू नये, पण ते संपूर्ण वर्षाला लावू नये. उपकेंद्राच्या लॉगबुकवरून फिडर किती तास चालू होता हे पाहावे आणि नो-लोड लॉस तेवढ्याच तासांचा धरावा. मग पंप खरोखर चालतात त्या हंगामी तासांपुरता लोड फॅक्टर काढून सूत्र फक्त त्यालाच लावावे आणि त्याच तासांनी गुणावे. आपल्या उदाहरणात तो १ येतो आणि उत्तर बिनचूक मिळते. काही पंप अधूनमधून बंद राहून तो ०.९ झाला, तरी लॉस फॅक्टर ०.८२८ येतो आणि सूत्राला चूक करायला फारशी जागा उरत नाही. फिडर स्वतंत्र नसेल आणि त्याच वाहिनीवर गावठाणही असेल तर गाभ्याचे ८,७६० तास पुन्हा मोजावे लागतात, पण कॉपरसाठी हंगामी तासांचीच रीत ठेवावी.