परतावे तेच, क्रम वेगळा: एसडब्ल्यूपी सुरू करण्याआधी ही दोन खाती शेजारी ठेवून पाहा

हाताशी निवृत्तीचे एक कोटी आहेत, महिन्याला पन्नास हजार लागतात, आणि कुणीतरी सांगितलंय की सगळे पैसे इक्विटी फंडात टाका, एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडातून काढत राहा, आणि निवांत राहा. सोबत सरासरी परताव्याचा एक आकडाही दिलाय. तो आकडा खराही असेल, पण तुमचे पैसे किती पुरतील हे तो सांगत नाही. का, ते खालच्या दोन खात्यांवरून दिसतं.

परतावे मी काल्पनिक घेतलेले नाहीत. सेन्सेक्सचे २००८ ते २०१७ या दहा वर्षांचे आहेत, पूर्णांकात केलेले: उणे ५२, अधिक ८१, अधिक १७, उणे २५, अधिक २६, अधिक ९, अधिक ३०, उणे ५, अधिक २, अधिक २८ टक्के. लाभांश, कर आणि फंडाचा खर्च बाजूला ठेवलाय. हिशेब सोपा राहावा म्हणून दर वर्षाच्या सुरुवातीला सहा लाख एकदम काढले आहेत.

पहिलं खातं सरळ क्रमाचं. म्हणजे जानेवारी २००८ मध्ये, सेन्सेक्स एकवीस हजारांवर गेला असताना निवृत्त झालेला माणूस. दुसरं उलट्या क्रमाचं. तीच दहा वर्षं, पण शेवटाकडून सुरुवात: आधी अधिक २८, मग अधिक २, आणि उणे ५२ सगळ्यात शेवटी.

पैसे काढायचेच नसते तर दोन्ही खाती दहा वर्षांनी एकाच रकमेवर येऊन थांबली असती, १ कोटी ६९ लाखांवर. गुणाकारात आकडे मागेपुढे केले तरी उत्तर बदलत नाही. वार्षिक चक्रवाढ दर दोन्हीकडे साधारण ५.४ टक्के. आता दरवर्षी सहा लाख काढायला लागू या. (आकडे लाखांत)

| वर्षअखेर | सरळ क्रम | उलटा क्रम |
|---|---|---|
| १ | ४५.१ | १२०.३ |
| २ | ७०.८ | ११६.६ |
| ४ | ५२.४ | १२८.८ |
| ७ | ६६.५ | ११६.३ |
| ९ | ५२.५ | २२२.८ |
| १० | ५९.५ | १०४.० |

दोघांनीही घरखर्चाला साठच लाख नेले. तरी एकाकडे साडेएकोणसाठ लाख उरले आणि दुसऱ्याकडे एक कोटी चार लाख. दुसऱ्याच्या खात्यात ५२ टक्क्यांची पडझड शेवटच्या वर्षी आली आणि त्या एका वर्षात त्याचे एक कोटी बारा लाखांहून जास्त गेले. पहिल्याचे त्याच पडझडीत एकोणपन्नास लाख गेले होते. रुपयांत मोठा फटका दुसऱ्याला बसला, आणि तरीही तोच पुढे आहे.

कारण युनिटमध्ये दिसतं. समजा पहिल्या दिवशी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, १० रुपये होती. पहिले सहा लाख काढायला दोघांनीही ६०,००० युनिट विकले. दुसऱ्या वर्षी सरळ क्रमात एनएव्ही ४.८० वर आलेली, त्यामुळे त्याच सहा लाखांसाठी १,२५,००० युनिट मोडावे लागले. उलट्या क्रमात एनएव्ही १२.८० होती, तिथे ४६,८७५ युनिटांत काम भागलं. २००९ मध्ये बाजार ८१ टक्के वर गेला खरा, पण विकलेल्या युनिटांना त्या तेजीचा काय उपयोग? ते सव्वा लाख युनिट न मोडता तसेच राहिले असते तर दहाव्या वर्षअखेर त्यांचे २१ लाख झाले असते. सहा लाखांची खरी किंमत ती होती. उलट्या क्रमात दुसऱ्या वर्षी काढलेल्या सहा लाखांची किंमत याच हिशेबाने आठ लाखांच्या आत भरते.

एसआयपीत दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवताना नेमकं याच्या उलट घडतं, पडत्या बाजारात तेवढ्याच पैशांत जास्त युनिट मिळतात, म्हणून नोकरीतल्या माणसाला सुरुवातीची मंदी फायद्याची ठरते. तीस वर्षं एसआयपी केलेल्यांना याच अनुभवामुळे निवृत्तीनंतरही वाटत राहतं की बाजार पडला तरी थांबलं की भरून निघतं. थांबणाऱ्याचं निघतं, पण दर महिन्याला विकणारा थांबलेला नसतो.

पुढचं चित्रही पाहून घ्या. साठाव्या वर्षी सुरुवात केली असेल तर आता दोघंही सत्तरीत. इथून पुढे दरवर्षी सरळ ५.४ टक्के मिळत राहिले, तर पहिल्याचे पैसे सुमारे तेरा वर्षांत, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत संपतात. दुसऱ्याचे चाळीस वर्षं पुरतात. आणि यात सहा लाख कायम सहाच लाख धरलेत. महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली तर दोघांचीही मुदत आणखी खाली येते.

आपल्या वाट्याला कोणता क्रम येणार हे निवृत्तीच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी पर्याय असे मोजतो: वाईट क्रम आला तर किती वाचतं, आणि चांगला आला तर किती हुकतं?

समजा एक कोटीतले अठरा लाख, म्हणजे तीन वर्षांचा खर्च, एफडीत ठेवला आणि ८२ लाखच इक्विटीत घातले. पहिली तीन वर्षं एफडीतून खायचं, चौथ्यापासून फंडातून. एफडीचं व्याज शून्य धरलं तरी सरळ क्रमात दहा वर्षांनी ५९.५ ऐवजी ७२ लाख उरतात. उलट्या क्रमात १०४ ऐवजी ९९.५. साडेचार लाखांचा हप्ता भरून साडेबारा लाखांचं संरक्षण. मला हा सौदा निःसंशय घ्यावासा वाटतो. मर्यादा एवढीच की मंदी तीन वर्षांहून लांबली तर एफडी संपते. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ अखेरची पातळी पुन्हा गाठेपर्यंत २०२४ उजाडलं होतं. तसं काही झालं तर तीन वर्षांची काय, दहा वर्षांची तरतूदही पुरत नाही.

दुसरा उपाय हात आखडण्याचा. सरळ क्रमात फक्त दुसऱ्या वर्षी सहाऐवजी चार लाखांत भागवलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर शेवटी सात लाख जास्त उरतात. सहल पुढे ढकलता येते, घराची रंगरंगोटीही. औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स नाही येत. त्यामुळे खर्चाचा न टळणारा भाग आधी वेगळा काढा आणि तो पेन्शन किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या ठरलेल्या उत्पन्नावर बसवा. या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख आहे, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, आणि खातं उघडताना लागू असलेला दर पाच वर्षं तोच राहतो. एसडब्ल्यूपीवर फक्त असाच खर्च ठेवा जो एखादं वर्ष थांबला तर घर चालायचं थांबत नाही.

सुरू केल्यावर दर जानेवारीत एकच भागाकार करा: या वर्षी काढायची रक्कम भागिले उरलेला निधी. दोन्ही खाती ६ टक्क्यांवर सुरू झाली. वर्षभरात सरळ क्रमातलं प्रमाण १३ टक्क्यांवर गेलं, उलट्यातलं ५ वर आलं. दहा वर्षांनंतर एक १० वर आहे, दुसरं ६ च्याही किंचित खाली. प्रमाण ८ च्या वर गेलं की मी त्या वर्षी फंडाला हात लावणार नाही, एफडीतून घेईन. आणि ती एफडी पुन्हा भरायची ती बाजार वर गेलेल्या वर्षाच्या शेवटीच.