जलरंगांची पहिली खरेदी: मोठा रंगसंच की चांगला कागद?

चाळिशी-पन्नाशीत जलरंगांकडे वळणारा माणूस दुकानात गेला की त्याच्यासमोर दोन वाटा असतात. चोवीस ट्यूबांचा संच, बारा ब्रशांचे पाकीट आणि शाळेत वापरतात तशी चित्रकलेची वही ही पहिली. मोजके सहा रंग, एक-दोन ब्रश आणि जलरंगासाठीच बनवलेला जाड कागद ही दुसरी. दोन्हींचा खर्च जवळपास सारखा होऊ शकतो आणि पहिली वाट भरगच्च दिसते म्हणून बहुतेक जण तीच धरतात. माझ्या मते दुसरी वाट निःसंशय बरी आहे, आणि त्याचे मुख्य कारण रंगांत नसून कागदात आहे.

आमच्या साताऱ्यातील शेजारच्या काकूंनी निवृत्तीनंतर पहिल्या वाटेची खरेदी केली. गच्चीतून दिसणारा अजिंक्यतारा आणि त्यावरचे पावसाळी आकाश हा त्यांचा विषय होता. आकाशासाठी त्यांनी वहीचा कागद भिजवून वरून खाली निळा रंग ओढत आणला, पण निम्म्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळत आला होता. पुन्हा ओला ब्रश लावताच तिथे फुलकोबीच्या कडेसारखे डाग उमटले. ते पुसण्यासाठी ब्रश घासला तेव्हा कागदाचे बारीक गोळे निघू लागले आणि शेवटी पान पापडासारखे वाकले. महिनाभर असेच होत राहिल्यावर त्यांनी आपल्याला हातच नाही असा निष्कर्ष काढला. मी त्यांना त्यांचेच रंग आणि त्यांचाच ब्रश देऊन फक्त कागद बदलून दिला. शंभर टक्के कापसाच्या, चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदाच्या तुकड्यावर त्यांचे तेच आकाश वरच्या गडद निळ्यापासून किल्ल्याच्या कड्यापाशी जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सलग उतरले.

असे का झाले, हे कागदाच्या घडणीवरून कळते. जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा तत्सम पदार्थाची खळ दिलेली असते. तिच्यामुळे पाणी लगेच आत न शिरता काही वेळ पृष्ठभागावर राहते आणि तेवढ्या वेळात रंग पसरवता, मिसळता किंवा उचलता येतो. वहीच्या कागदाची खळ या कामाची नसते. तो साधारण १२० ते १५० ग्रॅमचा असल्याने पाणी लागताच फुगतो, आणि मग रंग खोलगट भागांत साचतो. कापसाचे तंतू लांब व चिवट असल्याने तो कागद घासणे सहन करतो आणि बराच वेळ सारखा ओला राहतो. नवशिक्याचा हात सावकाश चालतो, त्यामुळे हा जास्तीचा वेळ मुरलेल्या चित्रकारापेक्षा त्यालाच अधिक उपयोगी पडतो. ‘आधी साध्या कागदावर शिका, मग चांगला घ्या’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

या दोहोंच्या मधला पर्याय म्हणजे लाकडाच्या लगद्याचा ३०० ग्रॅमचा जलरंग कागद. तो वहीपेक्षा पुष्कळ बरा असतो आणि कमी वाकतो, मात्र कापसापेक्षा लवकर वाळतो. रंगांची मिश्रणे करून पाहणे, ब्रशचे फटकारे गिरवणे यासाठी तो योग्य आहे. ज्यांना पेनाने रेखाटन करून वर हलका रंग द्यायचा आहे, त्यांनाही हाच पुरतो.

हातकागदाबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. आमंत्रणपत्रिका आणि फायलींसाठी विकला जाणारा हातकागद बहुधा कापसाचाच असतो, पण त्याला जलरंगाला लागते तशी खळ असेलच असे नाही. कापूस आहे म्हणून तो चालेल असे समजू नये. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. थेंब काही वेळ फुगीर राहिला तर कागद कामाचा. टेकताच शोषला जाऊन गडद डाग पडला तर नाही. पावसाळ्यात दमट कपाटात राहिलेल्या महागड्या कागदाचीही खळ बिघडते, तेव्हा जुना साठा घेताना हीच परीक्षा करावी.

कापसाचा कागद महाग असल्याने तो वाया जाईल या भीतीने हात आखडतो, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा की सुट्या पानांचा पॅड न घेता ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा पूर्ण ताव घ्यावा आणि त्याचे आठ तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा १९ बाय २८ सेंटिमीटरचा होतो. मागची बाजूही वापरता येत असल्याने एका तावात सोळा चित्रे होतात. दोन ताव दोन-तीन महिने सहज पुरतात. साताऱ्यातील मोती चौकाच्या परिसरातील स्टेशनरीच्या दुकानात असा ताव दिसला नाही तर पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मागवता येतो. पोत ‘कोल्ड प्रेस्ड’, म्हणजे मध्यम खडबडीत, असावा.

रंगांची गोष्ट तुलनेने सोपी आहे. चोवीसच्या संचात पांढरा, काळा आणि चार-पाच तयार हिरवे असतात, आणि त्यांच्यामुळेच चित्र मळकट किंवा प्लास्टिकसारखे दिसू लागते. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना हे सहा पुरेत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की अजिंक्यताऱ्याच्या ओल्या काळ्या कातळाचा रंग मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, तपकिरी वाढवला की उबदार. प्रशियन ब्लूमध्ये यलो ऑकर घातला की श्रावणातल्या डोंगरउतारांचा हिरवा तयार होतो. विद्यार्थी दर्जाच्या रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त असतो, तरी पहिल्या वर्षी ते चालतात. पोस्टर कलर मात्र घेऊ नयेत. ते अपारदर्शक असल्याने खालच्या कागदाचा उजेड झाकतात.

ब्रशांचे पाकीट टाळावे. कृत्रिम केसांचा दहा नंबरचा एक गोल ब्रश आणि आकाशासाठी इंचभर रुंदीचा एक चपटा ब्रश बास होतात. नवा ब्रश खळीने ताठ केलेला असतो. म्हणून दुकानदाराच्या परवानगीने तो पाण्यात धुऊन एकदा झटकावा. केसांचे आपोआप एकच टोक झाले तर घ्यावा, फाटे फुटले तर ठेवून द्यावा.

दोन हजार रुपये खर्चायचे ठरवले असतील तर निम्मे कागदासाठी राखावेत, सहाशेच्या आसपास रंगांना द्यावेत आणि उरलेल्यात दोन ब्रश, चिकटपट्टी व चीनी मातीची एक पांढरी बशी येते. पैसे कमी असतील तर आधी रंग सहावरून चारवर आणावेत (लेमन यलो, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना), पण कागद उतरवू नये. तुकडे प्लास्टिकच्या बंद पिशवीत, शक्यतो लाकडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवावेत, आणि जून ते सप्टेंबर रंगांची बशी पूर्ण वाळल्याखेरीज झाकू नये, कारण ओल्या रंगावर दोन-चार दिवसांत बुरशी येते.