मनाने रचलेले प्रश्न की वहीतले?

नाशिकच्या सिडकोत आमचं वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं काम. तेच ते विचारणारे फोन कमी व्हावेत म्हणून गिऱ्हाइकांसाठी पहिलं प्रश्नोत्तरांचं पान मी मनानेच लिहिलं: ‘आपले सेवाशुल्क किती?’ उत्तर: ‘कामानुसार.’ फोन तेवढेच! वाचणाऱ्याला आकडा हवा होता, तो मिळालाच नाही.

मग आठवडाभर प्रत्येक फोन वहीत टिपला, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न वर घेतला: ‘नुसतं बघायला किती घेता?’ उत्तर: ‘३०० रुपये, दुरुस्ती केली तर बिलातून वजा. पंचवटी, सातपूरला तेवढेच, ओझरला १५० जास्त.’ दर विचारणारे फोन आटले.

मनाने लिहायला तासभर पुरतो, वहीला आठवडा लागतो. तरी मी वहीच धरेन. फक्त दर बदलला की पानही त्याच दिवशी बदलायचं, नाहीतर फोनवर भांडण. ‘माणूस कुठवर आला?’ हा फोन मात्र कुठल्याच पानाने थांबत नाही.