उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीतलं थंब मशीन : नऊ महिने वापरल्यावर

बेळगावात उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आहे. ऑफिस धरून 58 माणसं. हजेरी आणि पगार माझ्याकडे. मागच्या मे महिन्यात दोन थंब मशीनं बसवली, एक गेटवर आणि एक ऑफिसच्या दारात. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. ऑफिसातल्यानं नऊ महिन्यांत मला फारसा त्रास दिला नाही. गेटवरच्यानं मात्र पहिले चार महिने जीव खाल्ला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक आमचीच होती आणि ती कळायला मला पावसाळा संपावा लागला.

सुरुवात जूनमध्ये झाली. फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामात, ग्राइंडरवर एक काका आहेत, वीस वर्षं इथंच. पगाराच्या दिवशी स्लिप घेऊन माझ्या टेबलासमोर उभे. सात दिवस गैरहजर लागलेले. "मी रोज आठच्या आत गेटवर असतोय ओ. बोट ठेवून ठेवून दमलो, ते घेईनाच झालंय." मी मशीनची यादी काढली. त्यात खरंच काही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, की बोट लागलं तर वेळ नोंदवली जाते, पण न लागलेल्या बोटाची नोंद हजेरीच्या यादीत येतच नाही. माणूस दहा वेळा बोट दाबून आत गेला तरी यादीच्या दृष्टीनं तो आलाच नाही. म्हणजे काका खरं बोलत होते, पण पुरावा कुठंच नव्हता.

मग वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवली. पहिल्या खेपेला बोट न घेतलेल्या प्रत्येकाचा नंबर आणि किती वेळा दाबावं लागलं ते लिहायचं, एवढंच. चौदा दिवसांत 93 नोंदी झाल्या. त्यातल्या 71 फक्त सहा जणांच्या होत्या आणि त्या सहातले पाच फेटलिंगचे. मशीनच खराब असतं तर गेटवरच्या सगळ्या 41 जणांना थोडा थोडा त्रास झाला असता. ही वही मी पहिल्याच आठवड्यात ठेवायला हवी होती.

या मशीनचा सेन्सर ऑप्टिकल आहे. काचेखालून उजेड पडतो. बोटावरची रेघ काचेला जिथं टेकते तिथं उजेड परत येत नाही, तो भाग काळा दिसतो. दोन रेघांमधला खळगा टेकत नाही, तो पांढरा राहतो. या काळ्या-पांढऱ्यातून रेघ कुठं संपते, कुठं फुटून दोन होते, एवढ्याच खुणा मशीन काढून ठेवतं. बोटाचा फोटो जपत नाही. आता ग्राइंडरवर कास्टिंग धरणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याची रेघ झिजून सपाट झालेली असते, त्यात मोल्डिंगची वाळू आणि तिच्यातली बेंटोनाइट माती हाताची ओल शोषून घेतात. कोरडी रेघ काचेला सलग टेकत नाही, तुटक ठिपक्यांसारखी उमटते. मशीनला प्रत्येक ठिपक्याशी रेघ संपल्यासारखी वाटते आणि खुणा जुळत नाहीत. पावसात उलटं होतं. ओल्या बोटाचे खळगे पाण्यानं भरतात आणि सगळा काळा डाग दिसतो. बेळगावचा पाऊस ठाऊकच आहे, जुलैभर गेटवर एक टॉवेल टांगून ठेवला होता.

पण झिजलेलं बोट हा अर्धाच भाग. उरलेलं नोंदणीत होतं. मशीन बसवायला आलेल्या पोरानं एका दुपारी, शिफ्ट सुटताना, सगळ्यांना रांगेत उभं करून बोटं घेतली होती. वाळूनं माखलेले हात, प्रत्येकाचा उजवा अंगठा, तोही घाईत नुसत्या शेंड्यानं टेकवलेला. नोंदणीला तेच बोट तीनदा घेतात. तिन्ही खेपेला शेंडाच टेकला, तर मशीन "झालं" म्हणतं आणि शेंडाच लक्षात ठेवतं. पुढं रोज माणूस बोट नीट आडवं ठेवतो आणि मशीनला तो अनोळखी वाटतो. रेघांचा भोवरा असतो ना, नखाच्या बुडाच्या समोर पेराच्या पोटावर, तो काचेच्या मधोमध यायला हवा.

काकांची नोंदणी मी स्वतः पुन्हा केली. सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. साबणानं हात धुऊन पुसले आणि पाच मिनिटं बसून चहा घेतला. मग दहाही बोटं ट्यूबलाइटखाली पाहिली. उजवा अंगठा आणि तर्जनी गुळगुळीत होती. डाव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या रेघा मात्र स्पष्ट दिसत होत्या, कारण त्या बोटांवर कास्टिंगचा दाब येत नाही. जुना अंगठा मशीनमधून काढून टाकला आणि ही दोन बोटं घेतली. प्रत्येक खेपेला बोट पूर्ण उचलून परत ठेवायचं, पेर सपाट, दाब बेताचा. जोरात दाबलं तर रेघा चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात, हे काकांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून वहीत त्यांचं नाव आठवड्यातून एखाद्या वेळी येऊ लागलं. त्यांचे जूनचे सात दिवस मालकांच्या सहीनं भरून दिले, ते वेगळं.

बाकीच्या पाचांपैकी चौघांचं असंच निभावलं. एका मामांच्या मात्र दहातल्या एकाही बोटाची रेघ मशीनला पुरेना. त्यांना कार्ड दिलं. कार्ड दुसऱ्याच्या हातात देता येतं हा धोका आहेच, पण वरती कॅमेरा आहे.

मधल्या काळात विकणाऱ्याच्या माणसानं फोनवरून एक सोपा उपाय सांगितला होता, तो लिहायलाच हवा. मेनूत जुळणीचा आकडा असतो. आमच्याकडे नुसतं बोट ठेवल्यावर 35 आणि आधी नंबर दाबून बोट ठेवल्यावर 15. "35चा 25 करा, सगळ्यांचं घेईल." खरंच घेतलं, दोन दिवस गेट सुरळीत. तिसऱ्या दिवशी कोअर शॉपमधल्या ताईंनी बोट ठेवलं आणि पडद्यावर स्टोअरकीपरचं नाव आलं. दोघंही हसले, मला काही हसू आलं नाही. त्याच दिवशी परत 35 केलं. नंबर दाबून बोट ठेवलं की मशीन त्या एकाच माणसाशी ताडून पाहतं, म्हणून तिथं कमी आकडा चालतो. नुसतं बोट ठेवलं की ते सगळ्यांमध्ये शोधतं, तिथं ढिलाई केली की असा घोटाळा होतो. ज्यांचं बोट अडतं त्यांना नंबर पाठ करायला लावणं बरं.

काचेचं दुखणं वेगळं. वॉचमन काळजीनं रोज काच पुसायचा, पण शेडमधल्या कॉटन वेस्टनं. आमची वाळू सिलिकाची, काचेपेक्षा कठीण. सप्टेंबरपर्यंत काचेच्या मधोमध धुरकट चट्टा पडला होता. तिरक्या उजेडात बारीक ओरखडे गोल गोल फिरवल्यासारखे दिसत होते. ओळखायची खूण अशी, की बोट नसतानाही सेन्सरचा दिवा पेटतो, आणि स्वच्छ, नीट रेघांच्या माणसांनाही अडायला लागतं. वहीत पहिल्यांदाच स्वच्छ हातांच्या पोरांचे नंबर आले तेव्हा मला शंका आली. सेन्सर वॉरंटीत बसला नाही, ओरखडे वॉरंटीत येत नाहीत म्हणाले. बदलायला नव्या मशीनच्या जवळपास निम्मे पैसे गेले. आता काचेवर आधी सेलोटेप हलकेच टेकवून वाळूचे कण उचलतो आणि मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसतो. कोणीतरी पोरांना शिकवलं होतं, बोट कपाळावर घासून ठेवा, लगेच घेतं. घेतं, पण काचेवर तेलाचा ठसा उरतो आणि मागच्याला भोगावं लागतं.

आमचं गेट पूर्वेला आहे. ऑक्टोबरनंतर सकाळी आठला ऊन सरळ काचेवर यायचं आणि तेवढा अर्धा तास मशीन वेड्यासारखं करायचं. आमच्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची टोपी करून वर बसवली. दुखणं संपलं.

नेटवर्कचा घोळ गणपतीच्या तोंडावर झाला. सॉफ्टवेअरमध्ये गेटवरचे सगळेच्या सगळे तीन दिवस गैरहजर. एकटा माणूस गायब असला तर बोट बघायचं, सगळी रांग गायब असली तर वायर बघायची, हे तेव्हापासून माझं ठरलंय. मशीनसमोर उभं राहिलं तर ते नाव दाखवून व्यवस्थित "थँक यू" म्हणत होतं. नोंदी मशीनमध्ये होत्या, कॉम्प्युटरवर येत नव्हत्या. मशीनच्या पत्त्यावरून उत्तर येतंय का ते मी ऑफिसातून पाहिलं:

```
ping 192.168.1.201
```

उत्तर येत होतं. म्हणून नेटवर्क ठीक आहे असं समजून मी दोन दिवस सॉफ्टवेअरशी झटत बसलो. शेवटी चिडून मशीनची लॅन केबल उपसली आणि पुन्हा पिंग केलं. तरी उत्तर आलं! म्हणजे 201 या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी बसलं होतं. शोधलं तर सीसीटीव्हीचा नवा डीव्हीआर. तो लावला त्या दिवशी वीज नव्हती. डीव्हीआर आणि राउटर इन्व्हर्टरवर, गेटचं मशीन बंद. राउटर 100 ते 254 मधले पत्ते वाटतो, त्याला 201 मोकळा दिसला आणि त्यानं तो डीव्हीआरला देऊन टाकला. मशीनमध्ये मात्र 201 कारखान्यातूनच पक्का घातलेला. मी दोन्ही मशीनांना 21 आणि 22 दिले, राउटरच्या वाटपाबाहेरचे, आणि तेच सॉफ्टवेअरच्या यादीतही बदलले. तिथं बदलायचं राहिलं तर पुन्हा तोच शिमगा. पोर्ट 4370 तसाच ठेवला. तिन्ही दिवसांच्या नोंदी दहा मिनिटांत उतरल्या.

वाचलो ते एका टिकमुळे. सॉफ्टवेअरमध्ये नोंदी उतरवल्यावर मशीनमधून पुसून टाकायचा पर्याय असतो. तो मी कधीच बंद केला होता, नाहीतर अर्धवट जोडणीत काय उतरलं आणि काय पुसलं गेलं याचा पत्ता लागला नसता.

आणखी एक. दोन्ही मशीनांवर नोंदणी वेगवेगळी केली तर नंबर आधी कागदावर ठरवा. आमच्याकडे 27 नंबर गेटवर एका मोल्डरचा आणि ऑफिसात अकाउंट्सच्या मुलीचा होता. सॉफ्टवेअर नंबर बघतं, चेहरा नाही. मोल्डरला महिनाभर फुकट ओव्हरटाइम लागला. तो गप्प होता, साहजिक आहे.

आज फेब्रुवारीत वहीमध्ये आठवड्याला चार-पाच नोंदी येतात, त्याही बहुतेक थंडीनं तडकलेल्या बोटांच्या. ऑफिसच्या दारासाठी हेच मशीन मी पुन्हा घेईन. गेटसाठी नाही. वाळू, ऊन आणि ग्राइंडरचे हात एका जागी असतील तिथं कार्ड आणि कॅमेरा लावा, आणि बोट ज्यांचं नीट घेतं त्यांच्यापुरतंच ठेवा.