पीडीएफ आराखड्यातील निवडक लेयर: प्रिंट करून काढाव्यात की फ्लॅटन करून?

इमारतीच्या पीडीएफ आराखड्यातून मोजक्याच लेयर असलेली प्रत हवी असेल, तर दोन मार्ग सहज हाताशी येतात. एक म्हणजे नको असलेल्या लेयरसमोरचा डोळा बंद करून Microsoft Print to PDF ने नवी फाइल काढणे; दुसरा म्हणजे अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये त्याच लेयर बंद करून Flatten Layers हा आदेश देणे. परळ-लालबागकडच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करताना, कंत्राटदारांना नकाशे देण्यासाठी मी दोन्ही वापरले आहेत.

प्रिंटच्या मार्गाला खर्च नाही आणि तो साध्या रीडरमध्येही चालतो, हे मान्य करायलाच हवे. मला मात्र तो मोजमापाने सोडायला लावला. आपले आराखडे बहुधा ए-१ कागदावर असतात आणि या प्रिंटरच्या यादीतला सर्वांत मोठा कागद सहसा ए-३ असतो. Fit निवडले की अख्खी शीट निम्म्यावर येते: १:१०० या प्रमाणात ३० मिलिमीटर लांब दिसणारी तीन मीटरची भिंत १५ मिलिमीटरची होते, पण कोपऱ्यातल्या चौकटीत १:१०० हेच छापलेले राहते. अशा कागदावर पट्टी ठेवणाऱ्या प्लंबरला ती भिंत दीड मीटरची वाटेल. Actual size निवडावे, तर शीटचा फक्त एक तुकडा उमटतो. शंका आली, तर फाइलच्या Properties मध्ये पानाचा आकार पाहावा. तिथे ८४१ × ५९४ मिलिमीटरऐवजी ४२० × २९७ दिसले, की उलगडा होतो.

याच मार्गाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेयरच्या गुणधर्मांत Always Prints असेल, तर डोळा बंद असूनही ती लेयर प्रिंटमध्ये उतरते.

फ्लॅटन केल्यावर पानाचा आकार आणि प्रमाण जसेच्या तसे राहते, दिसत असलेल्या लेयर एकत्र होतात आणि बंद असलेल्या लेयरमधला मजकूर फाइलमधून काढून टाकला जातो. विजेच्या वायरिंगची लेयर प्लंबरच्या प्रतीत लपून राहू नये, एवढ्यासाठीसुद्धा मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. त्यासाठी प्रोचे शुल्क भरावे लागते, आणि ही क्रिया मागे घेता येत नाही. म्हणून आधी Save As करून प्रतीवरच काम करावे आणि मूळ फाइलला हात लावू नये.

केवळ पडद्यावर पाहण्यापुरती प्रत हवी असेल, तर प्रिंटनेही भागेल. पण कोणी त्यावर पट्टी ठेवणार असेल, तर निदान मी तरी फ्लॅटनच करेन, आणि पाठवण्यापूर्वी नव्या फाइलमध्ये वायरिंगच्या लेयरमधला एखादा शब्द शोधून पाहीन. तो सापडला, तर ती लेयर बंद करायची राहून गेली आहे असे समजावे.